फोनमधले व्हिडिओ केबलने टीव्हीवर: फाइल फोन उलगडणार की टीव्ही?

प्रश्न: गावी आईवडिलांकडे नऊ-दहा वर्षांपूर्वीचा ३२ इंची एलईडी टीव्ही आहे, घरात वायफाय नाही. बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत. चार्जिंगची केबल टीव्हीच्या यूएसबीला लावली तर फोन नुसता चार्ज होतो. दुकानातून टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली, तर टीव्हीवर ‘No Signal’ येते. पेनड्राइव्हवर घालून लावले तर काही व्हिडिओ चालतात, काहींत फक्त आवाज येतो आणि काही आडवे दिसतात. टीव्हीच्या खोक्यावर तर एमपी४ चालते असे लिहिले आहे. नक्की काय करावे?

उत्तर:

तुम्ही करून पाहिलेले तिन्ही प्रयोग दिसायला सारखे आहेत, पण प्रत्येकात काम करणारे यंत्र वेगळे आहे. व्हिडिओची फाइल म्हणजे दाबून लहान केलेली माहिती असते, आणि ती उलगडून तिचे चित्र कोणीतरी करावे लागते. एचडीएमआयच्या मार्गाने गेलात तर हे काम फोन करतो आणि टीव्हीला तयार चित्र मिळते, त्यामुळे फाइल कोणत्या प्रकारची आहे याच्याशी टीव्हीचा काही संबंध उरत नाही. यूएसबीच्या मार्गाने गेलात, मग केबल असो वा पेनड्राइव्ह, तर फाइल टीव्हीलाच वाचावी आणि उलगडावी लागते. एवढे लक्षात ठेवले की तुमच्या तिन्ही अडचणींची कारणे आपोआप वेगळी होतात.

लग्नसमारंभांचे चित्रीकरण संपादित करून पेनड्राइव्हवर देणे हे माझे काम आहे, आणि त्या फायली ज्या घरांत लावल्या जातात तिथले टीव्ही बहुधा तुमच्या टीव्हीच्याच वयाचे असतात. म्हणून खाली जे सांगतो ते जुन्या फुल एचडी किंवा एचडी रेडी टीव्हीला धरून आहे. गेल्या काही वर्षांतला ४के स्मार्ट टीव्ही असता तर यातले बरेच प्रश्न उद्भवलेच नसते.

आधी चार्जिंगची केबल. टीव्हीचे यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हसारख्या साठवणीच्या साधनाची वाट पाहत असते, म्हणजे समोरचे साधन आपली संपूर्ण साठवण त्याच्या ताब्यात देईल अशी त्याची अपेक्षा असते. पूर्वीचे अँड्रॉइड फोन तसे करत असत. नंतर फोनमधली साठवण फोनच्याच ताब्यात राहावी म्हणून एमटीपी नावाची पद्धत आली, जिच्यात फोन मागणी केलेली एकेक फाइल पुरवतो पण साठवण हाती देत नाही. संगणकाला ही पद्धत कळते, बहुतेक टीव्हींना कळत नाही. तरीही एकदा खात्री करून घ्या: केबल लावल्यावर फोनच्या सूचनांच्या पट्टीत यूएसबीची सूचना येते, ती उघडून ‘File transfer’ निवडा आणि टीव्हीच्या सोर्स यादीत यूएसबी दिसते का पाहा. काही टीव्ही एमटीपी ओळखतात. फोनवर ती सूचनाच आली नाही तर तीच केबल संगणकाला लावून बघा, कारण काही स्वस्त केबलींमध्ये विजेच्याच तारा असतात, माहितीच्या नसतात. संगणकावर फायली दिसत असतील आणि टीव्हीवर दिसत नसतील, तर दोष केबलचा नाही आणि दुसरी केबल आणून उपयोगही नाही.

आता एचडीएमआय. इथे तुमची फसगत झाली आहे असे मला वाटते, आणि ती फार जणांची होते. टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचे नाव आहे, त्यातून चित्र बाहेर येईलच असे त्यावरून ठरत नाही. चित्र बाहेर यायचे तर फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय असावी लागते, आणि तिच्यासाठी टाइप-सीच्या आतल्या तारांच्या वेगवान जोड्या फोनच्या बोर्डापर्यंत जोडलेल्या असाव्या लागतात. कमी आणि मध्यम किमतीच्या बहुसंख्य फोनमध्ये टाइप-सीच्या मागे यूएसबी २.० असते, म्हणजे त्या जोड्या तिथे जोडलेल्याच नसतात. सॅमसंगच्या एस मालिकेत एस८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ही सोय आहे. आयफोनमध्ये टाइप-सी आले ते २०२३ च्या आयफोन १५ पासून, आणि त्या मालिकेतही ती आहे. ए किंवा एम मालिकेचा सॅमसंग किंवा तेवढ्याच किमतीचा दुसरा कोणताही फोन असेल, तर सोय नाही असेच धरून चाला आणि खात्रीसाठी त्या मॉडेलच्या तांत्रिक माहितीत यूएसबीच्या ओळीत ‘DisplayPort’ हा शब्द शोधा. नुसते ‘USB 2.0’ लिहिलेले असेल तर विषय संपला. ही उणीव कोणतीही सेटिंग किंवा अॅप बदलून भरून निघत नाही.

केबलच बिघडलेली असण्याची शक्यता उरते, आणि ती तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे सोय असलेला कोणाचा तरी फोन तिला लावून पाहणे. त्या फोनवर चित्र आले आणि तुमच्यावर आले नाही, तर केबल ठीक आहे पण तुमच्या फोनला तिचा उपयोग नाही, ती दुकानात परत करा. पोर्टमध्ये सोय असेल तर मात्र हाच मार्ग सर्वांत चांगला आहे, कारण मग खालचे सगळे फाइल-पुराण तुमच्यापुरते गैरलागू ठरते. फक्त अशा वेळी चार्जरची पिन लावता येईल असे अडॅप्टर घ्या, कारण लांबलचक व्हिडिओ चालू असताना फोनची बॅटरी लवकर उतरते आणि टाइप-सीचे एकुलते एक भोक अडॅप्टरने अडवलेले असते.

तुमच्या वर्णनावरून मला पेनड्राइव्हचाच मार्ग खरा वाटतो. तो तुमच्यासाठी अर्धा उघडलाच आहे, कारण काही व्हिडिओ चालले आहेत; म्हणजे टीव्हीचे यूएसबी पोर्ट केवळ दुरुस्तीसाठी ठेवलेले नाही आणि पेनड्राइव्हची रचनाही, म्हणजे त्यावर फायली मांडण्याची पद्धतही, त्याला कळते. पुढे मोठा पेनड्राइव्ह घेतलात तर या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष द्या. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट रचनेत येतात, आणि बरेच जुने टीव्ही फक्त फॅट३२ वाचतात. अशा टीव्हीवर पेनड्राइव्ह दिसतच नाही, किंवा तो फॉरमॅट करू का असे टीव्ही विचारतो. तिथे कधीही होकार देऊ नका, आतले सगळे जाईल. ३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह संगणकावर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घेणे हा माझा नेहमीचा मार्ग आहे. त्याची एकच मर्यादा आहे: एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये दिलेल्या हिशेबाने ४के मापात, सेकंदाला ३० फ्रेम आणि ‘हाय एफिशिएन्सी’ या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात एक मिनिट सुमारे १७० एमबी होतो, म्हणजे जवळपास २४ मिनिटांचे सलग चित्रीकरण ही मर्यादा गाठते.

आता मुख्य मुद्दा, खोक्यावरच्या एमपी४ चा. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय ही पाकिटांची नावे आहेत. आत चित्राचे एक आणि आवाजाचे एक अशी दोन पत्रे असतात, आणि ती कोणत्या लिपीत लिहिली आहेत हे पाकिटावरून कळत नाही. पाकीट ओळखीचे असूनही आतले पत्र मोडी लिपीतले निघाले तर ते वाचता न येणारा माणूस अडतो, तसाच टीव्ही अडतो. चित्राच्या या लिपीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हा कोडेक २००३ चा आहे आणि तुमच्या टीव्हीच्या वयाचा जवळजवळ प्रत्येक टीव्ही तो वाचतो. एच.२६५, ज्याला एचईव्हीसी असेही म्हणतात, तो २०१३ चा आहे आणि टीव्हींमध्ये तो मुख्यतः ४के संचांबरोबर आला. त्या काळातल्या ३२ इंची संचांत तो सहसा नाही. फोन मात्र पुढे गेले. आयफोन २०१७ पासून नव्या मॉडेलांवर एचईव्हीसीत चित्रीकरण करू लागला, आणि अँड्रॉइडवरही ‘हाय एफिशिएन्सी’ नावाने हा पर्याय आला. त्यात त्याच दर्जाचे चित्र बरेच कमी जागेत मावते, म्हणून फोनच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता.

यातून तुमच्या ‘फक्त आवाज’ या तक्रारीचा उलगडा होतो. नुकतीच एका घरून माझ्याकडे हळदीची अशीच फाइल आली. तिचे नाव .mp4 असेच होते. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून ‘Tools’ मधली ‘Codec Information’ ही खिडकी उघडली, जी Ctrl+J दाबूनही उघडते, तेव्हा चित्राच्या ओळीत ‘HEVC’ हा शब्द, मापाच्या ओळीत 3840x2160, फ्रेमच्या ओळीत जवळपास ६० आणि आवाजाच्या ओळीत ‘MPEG AAC Audio’ असे दिसले. टीव्हीने पाकीट उघडले, एएसी आवाज त्याला येत होता म्हणून तो वाजवला, आणि चित्राचा कोडेक कळत नव्हता म्हणून पडदा काळा ठेवला. उलट चित्र दिसते आणि आवाज नाही असे झाले, तर आवाजाचा कोडेक परका आहे असे समजा. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या एमओव्ही फायलींत बऱ्याचदा न दाबलेला पीसीएम आवाज असतो, तिथे हे घडते. फाइल यादीतच दिसत नसेल तर पाकीट परके आहे. आणि चित्र दिसते पण अडखळते, आवाज पुढे धावतो, असे असेल तर कोडेक ओळखीचा आहे पण काम झेपत नाही, म्हणजे माप, फ्रेम किंवा माहितीचा ओघ जास्त आहे. १०८० मापाचे ६० फ्रेमचे एच.२६४ चित्र अनेक जुन्या टीव्हींना झेपत नाही, ३० फ्रेमचे सहज झेपते.

टीव्हीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांजवळ ‘Supported video formats’ असा तक्ता असतो, तो एकदा नीट वाचा. त्यात फायलीचे नाव, चित्राचा कोडेक, कमाल माप, कमाल फ्रेम आणि आवाजाचा कोडेक असे रकाने असतात आणि ते आडवे वाचायचे असतात: एका ओळीतल्या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या तरच फाइल चालते. खोक्यावर छापलेला एमपी४ हा शब्द म्हणजे या तक्त्याचा फक्त पहिला रकाना आहे. पुस्तिका हरवली असेल तर टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते.

आडव्या दिसणाऱ्या व्हिडिओंचे कारण निराळे आहे. फोन उभा धरून चित्रीकरण केले तरी फोनचा सेन्सर चित्र आडवेच घेतो, आणि फायलीत ‘दाखवताना ९० अंशांनी वळवा’ अशी नोंद करून ठेवतो. फोन आणि संगणक ती नोंद पाळतात, बरेच जुने टीव्ही तिच्याकडे दुर्लक्ष करतात. व्हीएलसीच्या त्याच खिडकीत ‘Orientation’ पुढे ‘Top left’ सोडून दुसरे काही दिसले, तर तो व्हिडिओ टीव्हीवर लोळणार असे समजा. उपाय एकच: चित्र खरोखर वळवून फाइल नव्याने तयार करणे.

म्हणजे शेवटी रूपांतर करावे लागणार. आधी हे पाहा की त्याची किती गरज आहे. व्हीएलसीत चित्र एच.२६४ निघाले, माप १९२० बाय १०८० च्या आत असले, आणि फक्त पाकीट किंवा आवाज परका असेल, तर चित्राला हात न लावता पाकीट बदलता येते. एफएफएमपेग हे मोफत साधन संगणकावर असेल तर आज्ञा अशी:

```
ffmpeg -i haldi.mov -c:v copy -c:a aac -b:a 192k haldi.mp4
```

यात चित्र जसेच्या तसे राहते, म्हणून दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि अर्ध्या तासाची फाइलही फार वेळ घेत नाही. फायलीचे नाव .mov चे .mp4 असे नुसते बदलून कधी कधी काम होते, कारण ही दोन पाकिटे जवळची आहेत. पण आत एचईव्हीसी असेल तर नाव बदलून काहीच होत नाही.

एचईव्हीसी, ४के, ६० फ्रेम किंवा उभे चित्र असेल तर पूर्ण रूपांतर लागते. ज्यांना आज्ञा टाइप करणे नको वाटते त्यांनी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, त्यात ‘Fast 1080p30’ हा तयार पर्याय निवडावा, आणि व्हिडिओच्या पानावर फ्रेमसाठी ‘Constant Framerate’ निवडावे. हे शेवटचे विसरू नका. फोन प्रकाश कमीजास्त झाला की फ्रेमची गती बदलत जातो, आणि जुन्या टीव्हीवर अशा फायलीत ओठ आणि आवाज यांची ताटातूट होते. उभ्या व्हिडिओंसाठी मात्र मी ही आज्ञा वापरतो:

```
ffmpeg -i haldi.mp4 -vf "scale=1920:1080:force_original_aspect_ratio=decrease,pad=1920:1080:(ow-iw)/2:(oh-ih)/2,setsar=1,format=yuv420p" -r 30 -c:v libx264 -profile:v high -level 4.1 -crf 20 -c:a aac -b:a 192k haldi-tv.mp4
```

हिच्यात काय घडते ते सांगतो, म्हणजे गरजेप्रमाणे बदल करता येतील. चित्र आपोआप सरळ होते, १९२० बाय १०८० च्या चौकटीत बसवले जाते आणि उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या भरल्या जातात. पट्ट्या हव्यातच, कारण १०८० रुंद आणि १९२० उंच अशी उभी फाइल दिली तर १०८० पेक्षा जास्त उंची न झेपणारा टीव्ही ती नाकारू शकतो. ‘yuv420p’ मुळे चित्र ८ बिटचे होते. नव्या फोनचे १० बिटचे चित्र जुना टीव्ही एच.२६४ मध्येही वाचत नाही. ‘-crf 20’ हा दर्जाचा आकडा आहे, तो वाढवला तर फाइल लहान होते आणि दर्जा उतरतो. २३ पर्यंत ३२ इंची पडद्यावर फरक सहसा जाणवत नाही. आडव्या व्हिडिओंनाही हीच आज्ञा चालते. ४के फायलींना वेळ लागतो, तेव्हा रात्री लावून ठेवावे.

एका बाबतीत ही आज्ञा पुरी पडत नाही. फोनने एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणाऱ्या प्रकारात, चित्रीकरण केले असेल, तर रूपांतरानंतर चित्र दिसते पण रंग फिके, धुतल्यासारखे येतात, कारण एचडीआरचे उजेडाचे मोजमाप वेगळे असते आणि नुसते ८ बिट करून ते बदलत नाही. शालूचा लाल रंग गुलाबीकडे झुकला, हळदीचा पिवळा मळकट दिसला, तर हेच कारण समजा. अशा फायलींना टोन मॅपिंग नावाची निराळी प्रक्रिया लागते, आणि ती संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग डोळ्यांनी तपासत केलेली बरी.

संगणक अजिबात नसेल तर एक तात्पुरता मार्ग आहे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल ते अॅप स्वतःच दाबून लहान करते, आणि माझ्याकडे अशा मार्गाने आलेल्या फायली आजवर एच.२६४ आणि एएसीच निघाल्या आहेत. तुमचे जे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालले, ते नातेवाइकांनी पाठवलेलेच असण्याची दाट शक्यता आहे. दर्जा उतरतो, पण आईवडिलांना आजच दाखवायचे असेल तर तेवढे पुरे. मूळ फाइल कोणाकडे पाठवायची असेल तेव्हा मात्र ती ‘Document’ म्हणून पाठवा, म्हणजे अॅप तिला हात लावत नाही. संगणक नसतानाही ओटीजीचा पेनड्राइव्ह फोनला लावून फायली फोनच्या फाइल मॅनेजरमधून थेट त्यावर उतरवता येतात.

पुढच्या कार्यक्रमाआधी फोनची सेटिंग बदललीत तर रूपांतराचा खटाटोपच टळेल. आयफोनवर ‘Settings’, ‘Camera’, ‘Formats’ या क्रमाने जाऊन ‘Most Compatible’ निवडा, आणि ‘Record Video’ मध्ये १०८० व ३० फ्रेम ठेवून ‘HDR Video’ बंद करा. सॅमसंगवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘High efficiency videos’ बंद करा. इतर अँड्रॉइड फोनवर याच अर्थाचा पर्याय असतो, कधी तो थेट ‘H.264’ आणि ‘H.265’ अशा नावांनीही दिसतो. जागा जवळपास दुप्पट लागेल. टीव्हीवर पाहायचे असेल तर फोन आडवा धरा.

तुमच्या बाबतीत टीव्ही गावी आणि फायली तुमच्याजवळ आहेत, म्हणून सगळ्या फायली एकदम रूपांतरित करण्याआधी एक चाचणी करा. एक आडवा आणि एक उभा असे दोन लहान व्हिडिओ निवडा, प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या करा, एक वरच्या आज्ञेची १०८० मापाची आणि दुसरी त्याच आज्ञेत 1920:1080 च्या दोन्ही जागी 1280:720 लिहून केलेली, आणि चारही फायली हळदी-१०८०, हळदी-७२० अशा ओळखू येणाऱ्या नावांनी पेनड्राइव्हवर घालून गावी पाठवा. बऱ्याच ३२ इंची संचांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचाच असतो, तेव्हा ७२० ची आवृत्ती तिथे फारशी कमी दिसणार नाही आणि पेनड्राइव्हवर कमी जागा घेईल. कोणती चालली हे घरच्यांनी फोनवर सांगितले की बाकीच्या फायली तशाच करा, आणि मूळ फायली मात्र पुसू नका. दोन्ही अडखळल्या, तर टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि व्हीएलसीच्या खिडकीतल्या ओळी इथे लिहा, म्हणजे पुस्तिकेतला तक्ता पाहून नेमकी कोणती अट मोडते आहे ते सांगता येईल.